एकट्याने केलेल्या सहलीचा फोटो आणि ठिकाणाचे नाव न घेणारी कॅप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये एकट्याने भटकणाऱ्या ओळखीच्या माणसांना मी गेली काही वर्षे फोटोंच्या कॅप्शन सुचवत आले आहे. ओळखीचे लोक आपल्या ओळखीच्यांना पाठवतात आणि प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात, म्हणून ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे सलग वाचण्याची गरज नाही. जेथे एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ठिकाणाचे नाव लिहायचे नाही, तर कॅप्शनमध्ये लिहायचे तरी काय?

तेथे तुमच्याकडून घडलेली एक छोटी गोष्ट लिहावी. मनःस्थितीचे नाव न घेता तिचा माग लिहावा, म्हणजे त्या मनःस्थितीमुळे तुमच्या हातून काय झाले किंवा काय राहून गेले, ते सांगावे. "मन शांत झालं" हे वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो. "चपला काढून ठेवल्या, त्या निघताना शोधाव्या लागल्या" हे वाचताना तो क्षणभर थांबतो, कारण चपलांचा विसर पडण्याइतका निवांतपणा त्यालाही कधीतरी मिळालेला असतो किंवा हवा असतो.

ही गोष्ट शोधताना मी समोरच्याला बहुधा एकच प्रश्न विचारते: घरी रोज करता आणि तेथे केली नाही, अशी कोणती गोष्ट होती? सोबत कोणी असले की चहा, जेवण, फोटो, परतीची वेळ हे सारे कोणीतरी ठरवत असते. एकट्याच्या सहलीत ते कोणी विचारत नाही, त्यामुळे न केलेल्या गोष्टींतच तिचा खरा रंग उतरतो.

२. "शांत", "निवांत", "स्वतःच्या शोधात" असे शब्द वापरले तर काय बिघडते?

बिघडत काही नाही, पण ते शब्द कोणत्याही फोटोखाली बसतात. आपली कॅप्शन मैत्रिणीच्या एखाद्या वेगळ्याच सहलीच्या फोटोखाली मनातल्या मनात ठेवून पाहावी. तेथेही ती तितकीच शोभत असेल, तर ती तुमच्या फोटोची नाही. "स्वतःच्या शोधात" या शब्दांबद्दल तर माझी उघड नाराजी आहे. हरवले कोण होते, हे त्यात कधीच कळत नाही.

३. एखादा खरा फोटो घेऊन हे करून दाखवाल का?

नाशिकरोडच्या एका मैत्रिणीने डिसेंबरमध्ये भल्या पहाटे स्कूटर काढली आणि एकटीच नांदूर मध्यमेश्वरला गेली. निफाड तालुक्यातले, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे हे पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि थंडीत तेथे पक्षी पाहणाऱ्यांची गर्दी असते. तिच्या फोटोत पाण्यावरचे धुके, कठड्यावर ठेवलेला थर्मास आणि मफलरचे एक टोक एवढेच होते. ठिकाण सांगायचे नाही, ही तिची अट होती.

तिने आधी लिहिले होते: "धुक्यात हरवलेली पहाट आणि एकटीचा प्रवास." यातले धुके फोटोत दिसतेच आहे आणि "हरवलेली पहाट" ही जोडी इतकी वापरून झाली आहे की तिच्यात थंडीसुद्धा उरलेली नाही. मी विचारले, "दोन तास तिथे काय केलंस?" ती म्हणाली, "काहीच नाही गं. चहासुद्धा घेतला नाही. झाकणाचा आवाज झाला असता आणि पक्षी उडाले असते."

कॅप्शन येथेच सापडली होती, फक्त ती बेतायची होती. पहिला प्रयत्न होता: "पक्षी उडतील म्हणून थर्मास उघडला नाही." वाक्य सुरेख आहे, पण पक्षी, धुके आणि डिसेंबर हे तीन एकत्र आले की नाशिकचा माणूस ठिकाण तत्काळ ओळखतो. मग "पक्षी" काढून पाहिले: "थर्मास उघडलाच नाही." आता ठिकाण लपले, पण कारणही गेले. वाचणाऱ्याला वाटेल की तिचा उपवास होता किंवा ती कोणावर तरी चिडली होती. शेवटी ठरले ते असे: "आवाज होईल म्हणून थर्मास उघडला नाही. चहा घरी येऊन घेतला."

कोणाला आवाज होईल, हे सांगितलेले नाही, आणि त्या न सांगण्यातच त्या जागेची शांतता आली आहे. दुसऱ्या वाक्याची आणखी दोन कामे आहेत. ती घरी पोचली आहे, हे त्यातून कळते (प्रश्न ९) आणि लिहिणारी स्त्री आहे की पुरुष, हे मात्र कळत नाही (प्रश्न ८).

४. मला विचार करायला वेळ नाही. मनःस्थितीप्रमाणे तयार कॅप्शन मिळतील का?

मिळतील, पण त्यांतली वस्तू बदलून स्वतःची घालावी, एवढी विनंती आहे. तुमच्या फोटोत छत्री नसेल, तर छत्रीची कॅप्शन खोटी पडते.

निवांतपणासाठी: "घड्याळ पिशवीत होतं. पिशवी खोलीवर." किंवा "एकच पान वाचलं. तेही दोनदा." येथे किती वेळ गेला हे कोठेही म्हटलेले नाही, तरी तो गेल्याचे जाणवते. मोकळेपणासाठी मला सर्वांत आवडणारी कॅप्शन एका बँकेत काम करणाऱ्या गृहस्थांची आहे: "जेवायला काय करायचं, हे विचारायला कोणी नव्हतं. दोन्ही वेळा भजी खाल्ली."

हुरहुर दाखवणे अधिक अवघड असते, कारण तेथे शब्द पटकन ओले होतात. त्यासाठी सोबत नसलेल्या माणसाची सवय लिहावी, माणूस लिहू नये. "खिडकीची जागा मिळाली. भांडायला कोणी नव्हतं." किंवा "दोन चहा सांगितले. सवय." या दुसऱ्या कॅप्शनमध्ये "सवय" पुढे पूर्णविराम आहे, तेथे तीन टिंबे देऊ नयेत. टिंबे दिली की वाक्य सहानुभूती मागू लागते.

कंटाळा आणि चिडचिड यांच्या कॅप्शन कोणी मागत नाही, पण एकट्याच्या सहलीत त्या दोन्ही भरपूर असतात आणि लोकांना त्या वाचायला आवडतात. "मोजे दुसऱ्यांदा भिजले. आता मोजत नाही." "चार तास कोणाशी बोललो नाही. पाचव्या तासाला कुत्र्याशी बोललो."

५. वाक्य बरोबर आहे, पण कोरडे वाटते. विशेषणे न घालता त्यात भाव कसा आणावा?

मराठीत भाव अव्ययांत आणि लहानसहान शब्दांत राहतो. बोलताना आपण ते अचूक वापरतो, लिहायला बसलो की नेमके तेच गाळतो. एकच घटना घ्या: फोनला रेंज नव्हती.

"फोन लागला नाही" ही नुसती बातमी आहे. "फोन काही लागला नाही" म्हटले की प्रयत्न करून झाल्याचे कळते आणि थोडी हताशा येते. "फोन लागलाच नाही" यात तक्रार आहे, कदाचित घरच्यांना द्यायचे स्पष्टीकरणही आहे. "फोन लागला नाही ते बरंच झालं" यात सुटका आहे, पण ती उघड सांगितलेली आहे. आणि "फोनचा संपर्क एकदाचा तुटला" यात "बरं झालं" हे शब्द न उच्चारता सगळी सुटका आली आहे, कारण "एकदाचा" हा शब्द आपण खूप वाट पाहिलेल्या गोष्टीसाठीच वापरतो.

तसेच "म्हणे". "पाऊस थांबणार होता म्हणे" यात भिजलेला माणूस आणि त्याला खोटी आशा देणारा टपरीवाला, असे दोघेही दिसतात. असा शब्द एका कॅप्शनमध्ये एकच ठेवावा. "च" आणि "तर" आणि "ना" एकाच वाक्यात आले की ती तक्रारवही वाटू लागते.

६. मी नाव लिहिले नव्हते, तरी पाच मिनिटांत लोकांनी ठिकाण ओळखले. चूक कोठे झाली?

बहुतेक वेळा चूक सामान्यनामात असते. नाशिकच्या बोलण्यात काही सामान्यनामे विशेषनामेच झाली आहेत. "गडावर जाऊन आले" म्हटले की येथे सप्तशृंगीच समजतात, वणीचे नाव घ्यावे लागत नाही. "धरणावर" म्हणजे गंगापूर धरण, "कुंडावर" म्हणजे रामकुंड. पुण्याच्या वाचकाला यातून काही कळणार नाही, पण तुमचे निम्मे वाचक नाशिकचेच असतात. त्याऐवजी "वर", "पाण्याजवळ", "पायऱ्यांवर" असे लिहावे.

उलट "घाट" हा शब्द आपल्या बाजूचा आहे. नदीचा घाट की डोंगरातला, हे त्यातून कळत नाही, आणि दोन्ही अर्थ नाशिकमध्ये रोजच्या वापरातले आहेत. "घाटापर्यंत पोचेतो चहा थंड झाला" हे वाचून एकजण गोदाकाठ डोळ्यांसमोर आणतो आणि दुसरा कसाऱ्याचे वळण.

दुसरी गळती शब्दांच्या बाहेर असते. एसटीच्या काचेवरची पाटी, हॉटेलच्या बिलाचा कोपरा, मैलाचा दगड, हे फोटो मोठा करून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून टाकण्यापूर्वी चारही कोपरे मोठे करून पाहावेत. हॅशटॅगमध्ये तालुका लिहिला आणि कॅप्शनमध्ये गूढता ठेवली, असेही लोक करतात. डोंगर आणि लाटेची चित्रचिन्हेही टाळावीत, कारण लाट दिसली की नाशिकचा माणूस समुद्र गृहीत धरतो आणि पुढची यादी फारच छोटी उरते.

७. फोटोच्या फाइलमध्येच ठिकाण नोंदलेले असते, हे खरे का?

कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल, तर खरे आहे. फोन अक्षांश-रेखांश फाइलमध्ये लिहून ठेवतो. गॅलरीत फोटोचा तपशील उघडल्यावर नकाशा दिसला, तर नोंद आहे असे समजावे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ही नोंद निघून जाते, पण तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते आणि नोंदही सोबत जाते. फोटो स्पष्ट दिसावा म्हणून अनेक जण डॉक्युमेंटच पाठवतात, तेथे हे लक्षात ठेवावे.

८. मराठीत "मी थांबलो" किंवा "मी थांबले" लिहिले की स्त्री-पुरुष कळतेच. ते टाळता येते का?

येते, आणि त्यासाठी शाळेतले व्याकरण प्रथमच कामी येते. सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की ते बहुधा कर्माप्रमाणे चालते: "मी वाट पाहिली", "मी चहा घेतला", "मी दिवा मालवला". लिहिणारा कोण, याचा येथे पत्ता लागत नाही. थर्मासची कॅप्शन (प्रश्न ३) याच कारणाने निनावी राहिली. तेथे "चहा प्याले" लिहिले असते, तर लगेच कळले असते.

अडचण आहे ती काही हट्टी क्रियापदांची. विसरणे, बोलणे, शिकणे यांना कर्म असले तरी ती कर्त्याप्रमाणेच चालतात: "मी छत्री विसरलो", "मी छत्री विसरले". अशा वेळी कर्तेपद वस्तूकडे द्यावे: "छत्री राहून गेली." किंवा अनुभव "मला" ने सांगावा: "मला परतीची बस आठवलीच नाही." "थांबणं झालं" हाही मार्ग आहे, पण तो जरा पाहुण्यांसारखा वाटतो, म्हणून मी तो शेवटी ठेवते.

९. मी अजून तेथेच आहे. आताच फोटो टाकला तर चालेल का?

एकटे असाल आणि खाते सर्वांसाठी खुले असेल, तर मी नको म्हणेन, आणि स्त्रियांना तर आग्रहाने नको म्हणेन. ठिकाणाचे नाव नसले, तरी ओळखणारे ओळखतात (प्रश्न ६). त्याहून अधिक बोलतो तो क्रियापदाचा काळ. "पायऱ्यांवर बसले आहे" म्हणजे आता, "बसले होते" म्हणजे केव्हातरी. सर्वांत वाईट कॅप्शन म्हणजे "उद्या पहाटे पुन्हा इथेच", कारण तिच्यात वेळ, जागा आणि एकटेपण असे तिन्ही दिलेले असते.

आताच टाकायचे असेलच, तर वर्तमानकाळ ठेवून फोटो आदल्या मुक्कामाचा टाकावा. अन्यथा घरी पोचून भूतकाळात लिहावे. भूतकाळाने मनःस्थिती उणावते, ही भीती निराधार आहे. उलट आठवण होऊन आलेली गोष्ट अधिक नेमकी असते, कारण तोवर बाकीचे गळून गेलेले असते.

१०. "होते" लिहावे की "होतं"? की सरळ रोमन लिपीत टंकावे?

या पानावरची माझी भाषा लेखी आहे, पण कॅप्शन ही बोललेली गोष्ट आहे, म्हणून तिच्यात "होतं", "झालं", "बरंच" असेच लिहावे. "चहा थंड झाला होता व पाऊस सुरू होता" हा अहवाल झाला. रोमन लिपीत "एकदाचा" आणि "म्हणे" यांचा स्वर लागत नाही, आणि प्रश्न ५ मधली सगळी मदार त्याच स्वरावर आहे.

११. माझी कॅप्शन वाचून आईचा घाबरून फोन आला. असे का झाले?

कारण तुम्ही बहुधा "आता परतायचं नाही" किंवा "सगळं मागे सोडून आले" असे काही लिहिले असेल. तुमच्या मनात सोमवारचे ऑफिस होते, आईने मात्र ते वाक्य शब्दशः वाचले. ठिकाणाचे नाव नाही, सोबत कोणी नाही आणि वर असे वाक्य, म्हणजे तिने घाबरणे स्वाभाविक आहे.

उदास कॅप्शन लिहू नये, असे माझे म्हणणे नाही. ज्यांच्या घरी नुकतेच काही घडले आहे, अशी माणसेही एकटी जाऊन येतात आणि त्यांना हसरी कॅप्शन लिहायची नसते. त्यांना मी एवढेच सुचवते की, वाक्यात परतीचा एक धागा ठेवावा, घरातली एखादी वस्तू किंवा एखादे काम. "दिवसभर गप्प बसून राहिलो. डबा धुऊन ठेवला आहे, आल्यावर बोलू." दुःख यात पूर्ण आहे, आणि आईला डबा दिसतो.

सुचलेल्या दुःखाच्या वाक्यात जर खरोखरच परतीची इच्छा नसेल, तर ते कॅप्शनमध्ये टाकण्याऐवजी जवळच्या माणसाला फोन करून सांगावे.

१२. फोटोत मी दिसतो, म्हणून "एकटा होतास तर फोटो कोणी काढला?" असे विचारतात.

हा प्रश्नच कॅप्शनमध्ये घ्यावा. अनोळखी माणसाने काढलेल्या फोटोत त्या माणसाची एक ओळ बहुधा मिळतेच. "फोटो काढणाऱ्या काकांनी तीनदा 'हसा' म्हटलं." फोटोत तुम्ही हसत नसाल, तर याहून चांगली कॅप्शन मला तरी सुचणार नाही. टायमर लावून काढला असेल, तर दहा सेकंदांतली धावपळ लिहावी.

१३. ठिकाण इतके प्रसिद्ध आहे की फोटोतच ओळखू येते. मग नाव न लिहिण्यात काय अर्थ?

लपवण्यात अर्थ नाही, पण न बोलण्यात आहे. हरिहर किल्ल्याच्या खडकात कोरलेल्या उभ्या पायऱ्या महाराष्ट्रातला कोणीही गिर्यारोहक ओळखतो. तेथे आव आणून "एका अज्ञात वाटेवर" असे लिहिले, तर लोक हसतील. ठिकाणाविषयी काहीच न म्हणता स्वतःविषयी लिहावे. त्या पायऱ्यांना हाताची पकड घेण्यासाठी खोबण्या आहेत आणि उतरताना खडकाकडे तोंड करून यावे लागते. एका मुलाने लिहिले होते: "खोबणीत घातलेली बोटं निघायला तयार नव्हती." किल्ला ओळखणाऱ्याला त्याची भीती कळली, न ओळखणाऱ्यालाही कळली.

लपवायचेच असेल, तर फोटो कापावा. पायऱ्या काढून बोटे आणि खोबण एवढेच ठेवावे, म्हणजे हीच कॅप्शन तशीच चालेल.

१४. आवडत्या कवितेची ओळ टाकली तर?

कवीचे नाव देऊन टाकावी. पण मनःस्थिती मग कवीची होते आणि फोटो फक्त तुमचा उरतो. ओळीत नदीचे किंवा गावाचे नाव नाही ना, तेही पाहावे. मी स्वतः हे टाळते.

१५. कमेंटमध्ये "कुठे आहे हे?" असे विचारणाऱ्यांना काय सांगावे?

ओळखीचा माणूस असेल आणि त्याला खरोखर जायचे असेल, तर निरोपात वेगळे सांगावे. इतरांना "सांगणार नाही" असे लिहिले की भांडण वाटते आणि "गुपित" लिहिले की लाडिकपणा. कॅप्शनच्याच सुरात एक बारीक गोष्ट द्यावी: "वाटेत चिखल फार होता, एवढं नक्की सांगते."

खरा धोका मात्र विचारणाऱ्यांपेक्षा उत्तर देणाऱ्यांचा असतो. "अगं, हे तर आपलं नांदूर!" असे लिहिणारी मावशी प्रत्येकाच्या घरी असते. थर्मासच्या फोटोखाली ती अकराव्या मिनिटाला आली. मैत्रिणीने तिची कमेंट काढून टाकली आणि तिला फोन केला. मावशीने आधी ते ऐकून घेतले आणि मग विचारले, "पण चहा का गं नाही घेतलास, एवढ्या थंडीत?"